मशीन उशिरा आलं, प्रोजेक्टची तारीख पुढे ढकलायचीय: सरांना मेल कसा लिहायचा

मार्चमध्ये आमच्या लॅबमधली एक ज्युनिअर फोन घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली ताई, सरांना मेल टाकतेय, जरा बघ ना. मेल असा होता: "आदरणीय सर, इक्विपमेंट उशिरा आल्यामुळे माझा प्रोजेक्ट वेळेत पूर्ण होऊ शकणार नाही, तरी कृपया मुदत वाढवून द्यावी ही नम्र विनंती." झालं, एवढंच. मी म्हटलं हा पाठवलास तर सर तुला केबिनमध्ये बोलावतील आणि पाच प्रश्न विचारतील, आणि त्या पाचांपैकी तीनची उत्तरं तुझ्याकडे आत्ता नाहीयेत. ती म्हणाली पण मशीन खरंच लेट आलंय ना! आलंय गं, सरांना पण माहितीये, त्यांच्यासमोरच खोका उघडला. पण उशीर झाला हे माहीत असणं आणि किती दिवस वाढवून द्यायचे हे माहीत असणं यात बराच फरक आहे.

तिचीच केस धरून सगळं सांगते, कारण आकडे असले की मेल आपोआप लिहिला जातो. ती एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या सेमिस्टरला, प्रोजेक्ट मिठी नदीवर. पवई, मरोळ, कुर्ला आणि माहीम अशा चार ठिकाणचं पाणी घ्यायचं आणि बीओडी काढायचा, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात ते मोजायचं. अशा एकूण सहा फेऱ्या. त्यासाठी बीओडी इन्क्युबेटर लागतो, आणि तो जानेवारीच्या शेवटी येणार होता तो आला 10 मार्चला. सबमिशन 15 एप्रिल.

लिहायच्या आधी कागदावर दिवस मोजा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मशीन जितके दिवस लेट तितकेच दिवस मागायचे. हिने पण तेच ठरवलेलं, दीड महिना लेट तर दीड महिना द्या. पण मधला दीड महिना तुम्ही हातावर हात ठेवून बसला होतात का? नसाल तर तेवढे दिवस वजा झाले पाहिजेत, आणि बसला असाल तर तो वेगळाच प्रॉब्लेम आहे.

आम्ही रफ वहीच्या मागच्या पानावर असं मांडलं. इन्क्युबेटर वेळेवर आला असता तर पहिली फेरी 3 फेब्रुवारीला झाली असती. प्रत्यक्षात मशीन 10 मार्चला आलं, कंपनीचा इंजिनिअर 14 मार्चला येऊन जोडून गेला, मग ट्रायलचे चार दिवस, म्हणजे पहिली फेरी 19 मार्च. 3 फेब्रुवारी ते 19 मार्च, 44 दिवस गेले. हा झाला उशीर, मागणी अजून नाही.

ट्रायलचे ते चार दिवस पण लिहायचे बरं का, बहुतेक जण मशीन आलं ती तारीख लिहून मोकळे होतात आणि मग सर विचारतात की 10 तारखेला आलं तर 11 ला काम का नाही सुरू केलं. हिच्या इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर 27 दिसत होतं, पण वरच्या कप्प्यात पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवला तर तो साडेएकोणतीस दाखवत होता. सेटिंग बदललं, परत एक दिवस थांबली, मग प्रत्येक कप्प्यात बाटली ठेवून बघितलं. अशा वेळी लॅबच्या लॉगबुकमध्ये तारीख टाकून आकडे लिहिलेले असले की त्या चार दिवसांचा हिशोब तयारच असतो.

आता पुढचं काम किती दिवसांत बसतं ते बघायचं, आणि इथे आपल्या कामातला कुठला भाग दाबून छोटा होतो आणि कुठला अजिबात होत नाही हे ओळखायला लागतं. बीओडी बीआयएसच्या पद्धतीने करायचा तर बाटल्या 27 अंशांवर 3 दिवस ठेवायच्याच असतात, जुन्या पद्धतीत 20 अंशांवर 5 दिवस. रात्रभर जागून तीन दिवसांचे दोन होत नाहीत. सॅम्पल आधी गोळा करून फ्रीजमध्ये साठवून पण चालत नाही, थंड ठेवलं तरी जिवाणूंचं काम हळूहळू चालूच राहतं, म्हणून आणल्यावर 24 तासांच्या आत लावावं लागतं. म्हणजे फेब्रुवारीचं पाणी मार्चमध्ये लावणं हा ऑप्शनच नव्हता. त्यात नदीच्या खालच्या भागात भरतीचं खारं पाणी आत येतं, म्हणून ओहोटीलाच सॅम्पल घ्यायचं, आणि ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कधी सकाळी सातला माहीमला उभं राहायचं तर कधी भर दुपारी.

एका फेरीला सॅम्पलिंगचा दिवस, मग तीन दिवस इन्क्युबेटर आणि त्यातल्या शेवटच्या दिवशी टायट्रेशन. आधी तिचं आठवड्याला एक फेरी असं निवांत चाललं असतं. आता आम्ही दर पाच दिवसांनी एक धरली, त्यात बाटल्या धुणं, रिएजंट करणं आणि लाइट गेली तर म्हणून एक दिवस जादा. 19, 24, 29 मार्च, मग 3, 8, 13 एप्रिल. शेवटचं टायट्रेशन 16 एप्रिलला. पुढे रिझल्ट्सचं चॅप्टर लिहायला 10 दिवस, 26 एप्रिल. सरांना वाचायला 4 दिवस, 30 एप्रिल.

बघा, 44 दिवसांचा उशीर आणि मागणी फक्त 15 दिवसांची. बाकीचे 29 दिवस कुठे गेले? फेऱ्या जवळजवळ आणल्या, आणि मशीनची वाट बघताना तिने सीओडी, पीएच, क्लोराइड उरकून घेतले आणि पहिली तीन चॅप्टर लिहून काढली. सीओडीच्या सॅम्पलमध्ये सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की ते 28 दिवस टिकतं आणि त्याला हा इन्क्युबेटर लागतच नाही, त्यामुळे ते काम अडलं नव्हतं. हे 44 वरून 15 वर येणं हाच तुमच्या मेलचा कणा. सरांना ते दिसलं की बाकी विनवणी करायची गरज राहत नाही.

तारीख नक्की कोणाच्या हातात आहे?

हे आधी ऑफिसमध्ये विचारून घ्या. 15 एप्रिल ही सरांनी किंवा डिपार्टमेंटने ठरवलेली तारीख असेल तर ती हलते. पण व्हायव्हाला बाहेरून एक्स्टर्नल येणार असतील तर त्यांची तारीख सरांच्याही हातात नसते, आणि ती ओलांडून मागितलंत तर सर नाही म्हणणार, त्यांचा नाइलाजच असतो. हिच्या बाबतीत व्हायव्हा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होता. प्रिंट काढून बाइंडिंग करून घ्यायला दोन-तीन दिवस जातातच, आणि सीझनमध्ये कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे काळ्या बाइंडिंगच्या थप्प्या लागलेल्या असतात, तो उद्या या सांगतो आणि परवा देतो. म्हणून 30 एप्रिल ही आमची शेवटची रेघ होती, त्याच्या पुढचं मागण्यात अर्थच नव्हता. हिशोब करून तुमची तारीख अशा रेघेच्या पलीकडे जात असेल तर दिवस वाढवून मागू नका, काम कमी करून मागा, म्हणजे सहाऐवजी चार फेऱ्या.

आणि हा मेल बहुतेक सरांकडे थांबत नाही हे पण लक्षात घ्या. ते तो एचओडींना फॉरवर्ड करतात. एचओडींना तुमचा प्रोजेक्ट माहीत नाही, मिठी नदी माहितीये फक्त, त्यामुळे "सर, परवा आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं लिहून बाकीचं गाळलंत तर पुढच्या माणसाला काही कळणार नाही. सगळं त्या एका मेलमध्ये असू दे.

सर काय विचारणार

हमखास विचारतात ते म्हणजे दुसरीकडे का नाही केलं. हिच्या केसमध्ये तर समोरच मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये इन्क्युबेटर होता. पण तो 37 अंशांवर चालणारा, त्यात फक्त हीटर असतो, थंड करायला कॉम्प्रेसर नसतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे खोलीतच 31-32 अंश असताना तो 27 वर खाली येणार कसा? हे एका वाक्यात लिहिलं की तो प्रश्न संपतो. शिवाय तिने जवळच्या एका कॉलेजमध्ये जाऊन विचारलं होतं, त्यांच्या इन्क्युबेटरमध्ये मार्चअखेरपर्यंत जागा नव्हती, हे पण लिहायचं. विचारलंच नसेल तर मात्र मेलमध्ये टाकू नका, दोन कॉलेजातल्या सरांची एकमेकांशी ओळख असते आणि असल्या गोष्टी चहावर बाहेर येतात.

दुसरं म्हणजे दोष. हे जरा नाजूक आहे. मशीन लेट का झालं याची गोष्ट प्रत्येक लॅबमध्ये वेगळी असते, पण खूपदा त्या गोष्टीत आपलेच सर असतात. माझ्या वेळेला एका पंपाच्या खरेदीचा कागद नऊ दिवस आमच्याच सरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता, आणि मी शहाणी, मेलमध्ये लिहिलं की "खरेदी प्रक्रियेतील दिरंगाईमुळे". मुदत मिळाली, पण त्यानंतर दोन आठवडे सर माझ्याशी फक्त हो-नाही एवढंच बोलत होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की ऑर्डरची तारीख लिहा, मिळाल्याची तारीख लिहा, मधल्या जागेत कोणाचंही नाव नको, विशेषणं नकोत. दोन तारखा शेजारी आल्या की वाचणाऱ्याला कळतंच.

पुरावा म्हणून डिलिव्हरी चलन आणि इंजिनिअरचा इन्स्टॉलेशन रिपोर्ट, हे दोनच कागद बास. ते स्टोअरमध्ये किंवा लॅब असिस्टंटकडे असतात, आधी मागून घ्या, न विचारता फोटो काढू नका. बिल जोडायचं नाही, किमतीचा इथे संबंध नाही. दोन्हीची मिळून एकच पीडीएफ करा आणि फाइलला `BOD_incubator_delivery.pdf` असं नीट नाव द्या, `IMG_20394.jpg` नको, कारण ती फाइल एचओडींकडे त्याच नावाने जाणार आहे.

मेल

आमच्याकडे बरेच जण असे मेल इंग्रजीत लिहितात, आमचे सर मराठीत लिहिलेलं आवडीने वाचतात म्हणून हिने मराठीत लिहिला. इंग्रजीत लिहायचा असेल तरी क्रम हाच ठेवा. विषयाच्या ओळीत नुसतं "विनंती" किंवा "अर्जंट" लिहू नका, दोन्ही तारखा तिथेच टाका, सर लोकलमध्ये उभ्याने फोनवर मेल बघतात, त्यांना उघडायच्या आधीच कळलं पाहिजे.

विषय: एमएस्सी प्रोजेक्ट, सबमिशन 15 एप्रिलऐवजी 30 एप्रिल करण्याबाबत

आदरणीय सर,

माझ्या प्रोजेक्टचं सबमिशन 15 एप्रिलऐवजी 30 एप्रिलला करण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे.

प्रोजेक्ट मिठी नदीच्या चार ठिकाणच्या बीओडीवर आहे. त्यासाठीचा इन्क्युबेटर जानेवारीअखेर येणं अपेक्षित होतं, तो 10 मार्चला मिळाला, 14 मार्चला बसवला गेला आणि तापमानाची तपासणी 18 मार्चला पूर्ण झाली. पहिली फेरी 3 फेब्रुवारीऐवजी आज, 19 मार्चला सुरू केली आहे.

या काळात सीओडी, पीएच आणि क्लोराइडचं काम पूर्ण केलं असून पहिली तीन प्रकरणं लिहून झाली आहेत. मायक्रोबायोलॉजीच्या इन्क्युबेटरमध्ये थंड करण्याची सोय नसल्याने तो 27 अंशांवर चालत नाही. जवळच्या कॉलेजमध्येही चौकशी केली, पण मार्चअखेरपर्यंत जागा नव्हती.

उरलेलं काम असं आहे: सहा फेऱ्या दर पाच दिवसांनी, शेवटचं टायट्रेशन 16 एप्रिल. रिझल्ट्सचं प्रकरण आपल्याकडे 26 एप्रिलला, आणि आपल्या दुरुस्त्यांसह सबमिशन 30 एप्रिल.

30 एप्रिल शक्य नसेल तर 3 एप्रिलपर्यंतच्या चार फेऱ्यांवर 15 एप्रिललाच सबमिट करता येईल. मात्र त्यात एप्रिलची एकच फेरी येईल, त्यामुळे दोन महिन्यांची तुलना करता येणार नाही.

डिलिव्हरी चलन आणि इन्स्टॉलेशन रिपोर्ट सोबत जोडला आहे. आपण सांगाल त्या वेळी भेटायला येते.

आपली विद्यार्थिनी,
नाव, रोल नंबर, सेमिस्टर 4

मागणी पहिल्याच वाक्यात आहे बघा. आपल्याला शाळेपासून सवय असते आधी कारण, मग दिलगिरी, मग आणखी कारण आणि शेवटी "तरी" म्हणून विनंती, पण फोनवर वाचणारा माणूस तिसऱ्या ओळीलाच खाली स्क्रोल करतो. माफी यात कुठेच नाही, कारण मशीन लेट येण्यात तिची काही चूक नव्हती. चूक नसताना तीन वेळा क्षमस्व लिहिलं की वाचणाऱ्याला उलट वाटतं काहीतरी लपवतेय.

त्यातल्या चार फेऱ्यांवाल्या परिच्छेदावर आमची चांगलीच जुंपली. ती म्हणत होती की पर्याय दिला तर सर तोच घेतील. मला तसं वाटत नाही, म्हणजे घेतीलही, पण पर्याय दिला की काय गमवावं लागेल ते पण आपणच सांगतो, मग निवड करणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात. फक्त तो पर्याय खरा असला पाहिजे. 3 एप्रिलच्या फेरीचं टायट्रेशन 6 ला, पुढे लिहायला 9 दिवस, घाईत का होईना जमलं असतं, म्हणून लिहिला. जमणारच नसता तर लिहिला नसता.

कधी पाठवायचा आणि पाठवल्यावर

मशीन येणार नाही हे कळलं तेव्हाच एक दोन ओळींचा मेल करून ठेवा, मुदत न मागता: सर, इन्क्युबेटर या आठवड्यात येत नाहीये, तोपर्यंत सीओडी सुरू करते. हिने तो फेब्रुवारीत केलेला, आणि मार्चचा मेल त्यालाच रिप्लाय म्हणून पाठवला, म्हणजे वर नवा आणि खाली जुना, सरांना शोधावं लागलं नाही. मुदत मागायचा मेल मात्र काम खरोखर सुरू झाल्यावरच. मशीन खोक्यात असताना मागितलेली तारीख अंदाजाची असते, आणि नंतर इंजिनिअर आलाच नाही तर परत मागावी लागते. दुसऱ्यांदा मागणं फार जड जातं.

आधी तोंडी बोलायचं का? हो, माझ्या मते एकदा लॅबमध्ये गाठून "सर, मशीनमुळे थोडे दिवस लागतील असं दिसतंय, हिशोब करून मेल करते" एवढं सांगावं, नाहीतर काही सरांना वाटतं ही समोर असून मेल काय करते. व्हॉट्सॲपवर मागणी करू नका, "सर, मेल केलाय, बघाल का" एवढंच टाका. एचओडींना सीसीत सरांना विचारल्याशिवाय ठेवू नका, ते डोक्यावरून गेल्यासारखं होतं.

तीन वर्किंग डे उत्तर आलं नाही तर भेटायचं. आणि सर कॉरिडॉरमध्ये जाता जाता "हो हो, चालेल" म्हणाले तर त्या दिवशीच त्याच मेलला रिप्लाय करायचा की सर, आज आपण 30 एप्रिल मान्य केल्याप्रमाणे काम पुढे नेते. पुढे ऑफिसमधून कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हातात पाहिजे.

हिला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. 30 एप्रिल ठीक आहे, पण प्रत्येक फेरीचं टेबल टायट्रेशनच्या दिवशीच पाठव, आणि 14 एप्रिलला सुट्टी आहे ते बघ. ती सुट्टी आम्ही दोघी विसरलोच होतो. शेवटची फेरी 13 ला लावायची, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आमचे शिपाईमामा मजल्याचा मेन स्विच बंद करून जातात, म्हणजे बाटल्या 27 अंशांऐवजी बंद कपाटात उकडत बसल्या असत्या आणि 16 ला आलेला आकडा कुठल्या तापमानाचा ते कोणालाच कळलं नसतं. तिने मामांना सांगितलं, स्विचबोर्डवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, "16 एप्रिलपर्यंत बंद करू नये", खाली सरांची सही घेतली, आणि तरीही 14 ला सकाळी ट्रेन पकडून स्वतः येऊन डिस्प्ले बघून गेली.